इन-सॅम्पल, आउट-ऑफ-सॅम्पल आणि पुन्हा पुन्हा डोकावणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफ्टीवर स्वतःची स्ट्रॅटेजी बॅकटेस्ट करणारे, म्हणजे जुन्या भावांवर चालवून बघणारे, बरेच जण मला एकाच गोष्टीबद्दल लिहितात: डेटाचे दोन भाग केले, राखीव भागावर निकालही चांगला आला, तरी लाइव्ह गेल्यावर पैसे गेले. असं का झालं? उत्तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. राखीव भाग राखीव राहिलेलाच नसतो. त्यात पुन्हा पुन्हा डोकावून, तिथला निकाल बघून नियम बदललेले असतात. त्या पत्रव्यवहारातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, पण कुठूनही वाचलं तरी चालेल.

सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. निफ्टी फ्युचर्स, दिवसाचा क्लोज. क्लोज मागच्या २० दिवसांच्या उच्चांकावर गेला की खरेदी, १० दिवसांच्या नीचांकाखाली आला की बाहेर. २००८ ते २०१८ हा भाग स्ट्रॅटेजी बनवायला, २०१९ ते २०२२ राखीव. स्ट्रॅटेजीच्या निकालाचे आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत, प्रत्यक्ष बॅकटेस्टचे नाहीत.

१. इन-सॅम्पल आणि आउट-ऑफ-सॅम्पल म्हणजे नेमकं काय?

ज्या काळाचा डेटा बघून तुम्ही नियम ठरवले तो काळ इन-सॅम्पल. ज्या काळाचा तुमच्या एकाही निर्णयात हात नाही तो आउट-ऑफ-सॅम्पल. व्याख्या तारखांवर नाही, निर्णयांवर उभी आहे, आणि पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात. फाइलचं नाव `oos.csv` ठेवल्याने तो डेटा आउट-ऑफ-सॅम्पल होत नाही. २०२१ मधला तोटा बघून तुम्ही स्टॉपलॉस बदललात, तर त्या क्षणापासून २०२१ तुमच्यासाठी इन-सॅम्पल झालं.

२. मशीन लर्निंगच्या कोर्समध्ये डेटा पत्त्यांसारखा पिसून ८०-२० करायला शिकवतात. इथे तसं का नाही करायचं?

कारण बाजाराचे शेजारचे दिवस एकमेकांपासून सुटे नसतात. १२ मार्चचा दिवस शिकवण्याच्या भागात आणि १३ मार्चचा तपासण्याच्या भागात गेला, तर दोघांच्या २० दिवसांच्या उच्चांकात १९ दिवस सामाईक आहेत. मॉडेलला तपासणीच्या दिवसाची जवळजवळ सगळी परिस्थिती आधीच दिसलेली असते. शिवाय २०२२ चे दिवस बघून २०१५ चा अंदाज बांधणं हे प्रत्यक्षात कधीच शक्य नसतं. म्हणून काप एकच, आणि तो तारखेवर: आधीचा काळ शिकायला, नंतरचा तपासायला.

३. कुठे कापायचं? ७०-३० बरोबर का ८०-२०?

टक्क्यांचा विचार नंतर करा. आधी हे बघा की राखीव भाग काही सांगण्याइतका मोठा आहे का. शार्प रेशो, म्हणजे सरासरी परतावा भागिले परताव्याची चढउतार, वापरत असाल तर एक ढोबळ सूत्र उपयोगी पडतं. स्ट्रॅटेजीत काहीच दम नसेल, तर वार्षिक शार्पमधली निव्वळ नशिबाची चढउतार साधारण १ ÷ √वर्षे इतकी असते. एक वर्ष राखीव ठेवलं तर ही चढउतार १, चार वर्षं ठेवली तर ०.५, नऊ वर्षं ठेवली तर ०.३३.

म्हणजे एका वर्षाच्या राखीव डेटावर शार्प ०.८ आला, तर तो शून्यापासून वेगळा आहे असं म्हणायला काही आधार नाही. आमच्या उदाहरणातली चार वर्षं हा दैनिक स्ट्रॅटेजीसाठी मला किमान वाटणारा काळ आहे. तो काळ एकाच प्रकारच्या बाजाराचा नसावा, हेही पाहा. २०१९ ते २०२२ मध्ये मार्च २०२० ची पडझड आहे, नंतरची मोठी तेजी आहे, आणि २०२२ चा वर-खाली होणारा बाजारही आहे.

कापाची तारीख मात्र पहिला बॅकटेस्ट चालवण्याआधी ठरवा. दोन-तीन तारखांवर कापून पाहायचं आणि ज्यावर निकाल चांगला दिसेल ती ठेवायची, हेही डोकावणंच आहे.

४. आकडा तर माझ्या बघण्याने बदलत नाही. मग राखीव डेटा पुन्हा पाहिल्याने बिघडतं काय?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि प्रश्न रास्त आहे. नुसतं पाहिल्याने खरंच काही बिघडत नाही. पाहिल्यानंतर तुम्ही जे करता त्याने बिघडतं.

उदाहरण चालवून बघू. इन-सॅम्पलवर शार्प ०.९ आला. तुम्ही राखीव चार वर्षांवर स्ट्रॅटेजी चालवली आणि आला ०.१. वाईट वाटलं. चार्टवर बघितलं तर बरेच छोटे तोटे एका ठरावीक पद्धतीचे दिसले: ब्रेकआउट होतो, दोन दिवसांत भाव परत खाली येतो. मग तुम्ही "दोन दिवस भाव वर टिकला तरच खरेदी" हा नियम घातला. हा नियम घालताना तुम्ही इन-सॅम्पलवरही तपासलात, तिथेही ठीक चाललं, म्हणून मन स्वच्छ राहिलं. पुन्हा राखीव डेटावर चालवलं: ०.२५. मग २० च्या जागी २५ दिवस. मग तीन टक्क्यांचा स्टॉपलॉस. मग इंडिया व्हिक्स हा बाजाराच्या अपेक्षित चढउताराचा निर्देशांक एका पातळीवर गेला की नवी खरेदी बंद. काही बदलांनी आकडा घसरला, ते तुम्ही काढून टाकले. काहींनी वाढला, ते ठेवले. चौदाव्या वेळी ०.८५ आला आणि तुम्ही थांबलात.

आता काय झालं ते पाहा. प्रत्येक फेरीत "ठेवायचं की काढायचं" हे राखीव डेटानेच ठरवलं. तो परीक्षक होता, तुम्ही त्याला सल्लागार केलंत. शेवटच्या ०.८५ मध्ये त्याने स्वतःच निवडलेल्या गोष्टींचा वाटा आहे, आणि स्वतःच्या निवडीवर त्याचं मत घेण्यात अर्थ राहिलेला नाही.

यात कुणी लबाडी केलेली नाही. प्रत्येक बदलामागे पटण्यासारखं कारण होतं. म्हणूनच हा दोष आतून ओळखता येत नाही. तो फक्त फेऱ्या मोजल्या तरच दिसतो.

५. फेऱ्यांनी किती फरक पडतो? अंदाजाने नको, आकड्यात सांगा.

समजा तुमच्या चौदाही आवृत्त्या पूर्णपणे निरर्थक आहेत, नाणं उडवण्याइतक्या. प्रत्येकीचा खरा शार्प शून्य. चार वर्षांच्या राखीव काळावर प्रत्येकीचा आकडा नशिबाने थोडा वर, थोडा खाली येईल. त्यातली सर्वोत्तम आवृत्ती सरासरीने किती दाखवेल? हे स्वतः चालवून बघा, लिहून सांगण्यापेक्षा ते जास्त पटतं:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
best = []
for _ in range(2000):
    r = rng.normal(0, 0.01, size=(14, 1000))
    s = r.mean(axis=1) / r.std(axis=1) * np.sqrt(250)
    best.append(s.max())
print(np.mean(best))
```

इथे `14` म्हणजे आवृत्त्या आणि `1000` म्हणजे चार वर्षांचे ट्रेडिंगचे दिवस. उत्तर ०.८५ च्या आसपास येतं. प्रश्न ४ मधला आनंद देणारा आकडाही तोच होता. `14` च्या जागी `5` घातलं तर ०.५८ च्या आसपास आणि `50` घातलं तर १.१ च्या पुढे जातं.

हीच गोष्ट उलटीकडून बघा. निरर्थक स्ट्रॅटेजी एकदाच तपासली, तर तिने ०.८५ किंवा जास्त दाखवण्याची शक्यता शंभरात साडेचार. चौदा निरर्थक आवृत्त्यांपैकी किमान एकीने तो आकडा दाखवण्याची शक्यता शंभरात सुमारे सत्तेचाळीस. स्क्रीनवर दोन्ही वेळा ०.८५ च दिसतं. म्हणून "आउट-ऑफ-सॅम्पल शार्प ०.८५" हे वाक्य अपुरं आहे. "चौदा फेऱ्यांनंतर ०.८५" हे पूर्ण वाक्य.

६. पण माझ्या चौदा आवृत्त्या एकमेकींसारख्याच होत्या. २० दिवस आणि २५ दिवस यांत असा काय फरक? त्या चौदा स्वतंत्र फेऱ्या धरणं अन्याय नाही का?

हरकत बरोबर आहे. वरचं गणित स्वतंत्र आवृत्त्यांचं आहे. तुमच्या आवृत्त्यांचे ट्रेड एकमेकांत बरेच मिसळत असतील, तर चौदा फेऱ्या कदाचित चार-पाच स्वतंत्र फेऱ्यांइतक्या भरतील, आणि नशिबाचा फुगवटा ०.८५ पेक्षा कमी असेल. बेली आणि लोपेझ दे प्रादो यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या "डिफ्लेटेड शार्प रेशो"मध्ये फेऱ्यांची संख्या आणि त्यांच्या निकालांतला फैलाव, दोन्ही धरून आकडा खाली आणतात.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती कुणी लिहून पाठवत नाही. वरच्या कोडमध्ये आवृत्त्या डोळे मिटून निवडलेल्या आहेत. तुम्ही तसं केलं नाही. कोणते ट्रेड तोट्यात गेले हे बघून तुम्ही पुढचा बदल सुचवला, म्हणजे नेम धरून. नेम धरून केलेल्या पाच फेऱ्या डोळे मिटून केलेल्या पाचांपेक्षा जास्त फुगवतात. या दोन परिणामांपैकी कोणता मोठा हे बाहेरून सांगता येत नाही, म्हणून मी सवलत न घेता सगळ्या फेऱ्या मोजतो.

७. राखीव भागावर स्ट्रॅटेजी नापास झाली. आता तिचं काय करायचं?

ती बाजूला ठेवायची. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, कारण मागे तीन-चार महिन्यांची मेहनत असते. पण त्या एका "नाही"साठीच तुम्ही चार वर्षांचा डेटा वेगळा ठेवला होता. त्याने त्याचं काम केलं.

बदल करायचेच नाहीत असा याचा अर्थ नाही. बदल करायला मोकळी जागा हवी म्हणून डेटाचे दोन नाही, तीन भाग करा. आमच्या उदाहरणात २००८ ते २०१४ नियम बनवायला, २०१५ ते २०१८ हवं तितक्या वेळा डोकावायला, आणि २०१९ ते २०२२ शेवटच्या एका तपासणीला. मधल्या भागाला व्हॅलिडेशन म्हणतात. तिथला आकडा फुगलेला असणार हे धरूनच चालायचं. त्याचा उपयोग आवृत्त्यांमधून एक निवडण्यापुरता. शेवटच्या भागाकडे फक्त निवडलेली ती एकच आवृत्ती जाते.

आणि शेवटची तपासणी चालवण्याआधी एका कागदावर लिहा: कुठला आकडा आला तर पास. "शार्प ०.५ च्या वर आणि सर्वात मोठा ड्रॉडाउन २० टक्क्यांच्या आत", असं काहीतरी. ड्रॉडाउन म्हणजे भांडवलाची शिखरापासूनची घसरण. निकाल पाहिल्यावर रेषा कुठे ओढायची हे ठरवलं, तर ती नेहमी निकालाच्या खालूनच जाते.

८. तपासणीनंतर कोडमध्ये खरीच चूक सापडली. दुरुस्त करून पुन्हा चालवलं तर ते डोकावणं धरायचं का?

चूक खरी असेल तर दुरुस्त करावीच लागते. चुकीच्या कोडचा निकाल कोणत्याही बाजूने उपयोगाचा नाही. उदाहरणार्थ, सिग्नल क्लोजवर तयार होतो आणि कोड त्याच दिवशीच्या ओपनला खरेदी करतोय. ही चूक आहे, मताचा प्रश्न नाही.

अडचण वेगळीच आहे. निकाल वाईट आला की आपण कोड ओळीने तपासतो. चांगला आला की तपासत नाही. त्यामुळे आकडा खाली खेचणाऱ्या चुका सापडतात आणि वर ढकलणाऱ्या तशाच राहतात. माझ्याच एका बॅकटेस्टमध्ये फ्युचर्सच्या रोलओव्हरला, म्हणजे संपणाऱ्या काँट्रॅक्टमधून पुढच्यात जाताना, दोन काँट्रॅक्टमधला भावाचा फरक नफा म्हणून जमा होत होता. निकाल छान होता, म्हणून कित्येक आठवडे मी तिकडे पाहिलंच नाही.

उपाय असा: राखीव डेटाला हात लावण्याआधी कोड इन-सॅम्पलवर ट्रेड-ट्रेड तपासून घ्या. दहा-पंधरा ट्रेड हाताने, चार्ट उघडून. नंतर चूक सापडलीच तर दुरुस्तीची फेरीही वहीत लिहा, कारणासकट. आणि दुरुस्ती करताना "जाता जाता" एखादा पॅरामीटर बदललात तर ती दुरुस्ती राहिली नाही, ती प्रश्न ४ मधली नवी फेरी झाली.

९. मी राखीव फाइल उघडलीच नाही. तरी डोकावणं होऊ शकतं का?

हो. आणि अशाच तऱ्हेने ते जास्त होतं.

पहिली वाट कोडमधली. संपूर्ण २००८ ते २०२२ च्या डेटाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढून भाव एका मापात आणले, आणि नंतर डेटा कापला. त्या सरासरीत २०२२ मिसळलेलं आहे. आधी कापायचं, मग इन-सॅम्पलवर काढलेली मापं राखीव भागाला लावायची.

दुसरी वाट शेअर्सच्या यादीची. निर्देशांकाऐवजी निफ्टी ५० मधल्या शेअर्सवर काम करणारे बहुतेक जण आजची यादी घेतात आणि २००८ पर्यंत मागे जातात. आजच्या यादीत सत्यम नाही, कारण तो जानेवारी २००९ मध्ये घोटाळ्यानंतर काढला गेला. येस बँक नाही, कारण ती मार्च २०२० मध्ये गेली. पडलेले शेअर भविष्याने आधीच गाळून ठेवले, आणि तुमची स्ट्रॅटेजी त्या गाळलेल्या यादीवर हुशार ठरते. त्या त्या तारखेला निर्देशांकात जे शेअर होते तेच घ्यावे लागतात.

तिसरी वाट तुमची स्वतःची आठवण. ही कोड तपासून सापडत नाही. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला, हे ट्रेडिंग करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आता तुम्ही २०१८ पर्यंतच्या डेटावर काम करताना "चढउतार वाढली की पोझिशन अर्धी" असा नियम घालता. तो इन-सॅम्पलमधून सुचला की मार्च २०२० च्या आठवणीतून? प्रामाणिकपणे सांगणं अवघड आहे. २००८ चा अनुभव इन-सॅम्पलमध्ये आहेच, त्यामुळे नियमाला तिथे आधार असू शकतो. मी एकच कसोटी लावतो: तो नियम इन-सॅम्पलवर स्वतःच्या बळावर फरक पाडतो का? तिथे काहीच फरक पडत नसेल आणि तरी तो ठेवावासा वाटत असेल, तर तो आठवणीतून आलाय.

जगून झालेला काळ आपल्यासाठी पूर्ण कोरा कधीच नसतो. म्हणून प्रश्न १३ मधला पुढे जाणारा काळ मला मागच्या कुठल्याही राखीव भागापेक्षा मोलाचा वाटतो.

१०. कापाच्या तारखेला ट्रेड उघडा असेल तर? आणि २०० दिवसांच्या सरासरीसाठी आधीचा डेटा घेतला तर चालेल का?

सरासरीसाठी आधीचा डेटा खुशाल घ्या. १ जानेवारी २०१९ ला प्रत्यक्ष ट्रेड करणाऱ्या माणसाकडे २०१८ चे भाव होतेच. भूतकाळातून भविष्याकडे जाणारी माहिती गळती नसते, उलट्या दिशेची असते.

उघड्या ट्रेडचं तसं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये घेतलेला ट्रेड फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याचा नफा इन-सॅम्पलमध्ये धरला, तर राखीव काळाचे दोन महिने पॅरामीटर निवडण्यात शिरले. असे ट्रेड दोन्ही भागांतून वगळा. स्ट्रॅटेजीचा ट्रेड सरासरी महिनाभर चालत असेल तर मी कापापाशी दोन-तीन महिन्यांची पट्टी रिकामी सोडतो. चार वर्षांत एवढं परवडतं.

११. एसटीटी हा व्यवहारावरचा कर वाढला, लॉट साइज बदलला. राखीव भागावर पुन्हा चालवावंच लागेल. ही फेरी मोजायची का?

नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर्सच्या विक्रीवरचा एसटीटी ०.०१२५ टक्क्यांवरून ०.०२ टक्के झाला. हा बदल तुमच्या बॅकटेस्टचा निकाल बघून कुणी सुचवला नाही, तो कायद्यातून आला. राखीव डेटाने यात काहीही निवडलेलं नाही. नवा खर्च लावा, नवा आकडा लिहा, जुना खोडू नका. आकडा रेषेखाली गेला तर स्ट्रॅटेजी आता नापास आहे, आणि खर्च भरून काढायला नियम बदललात की पुन्हा प्रश्न ४.

स्लिपेज, म्हणजे ठरवलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक, मात्र या सवलतीत बसत नाही. तो तुमचा अंदाज असतो, आणि निकाल बघितल्यावर तो कमी धरण्याची कारणं भराभर सुचतात. स्लिपेज आधी ठरवा आणि तिथेच ठेवा.

१२. राखीव भागावरचा निकाल इन-सॅम्पलपेक्षाही चांगला आला. म्हणजे स्ट्रॅटेजी पक्की ना?

आधी तो काळ बघा. मार्च २०२० मध्ये ७,६०० च्या आसपास बंद झालेला निफ्टी ऑक्टोबर २०२१ मध्ये १८,००० च्या वर होता. फक्त खरेदी करणारी कोणतीही स्ट्रॅटेजी या दीड वर्षात हुशार दिसणार. म्हणून आकडा एकटा वाचू नका. त्याच चार वर्षांत निफ्टी नुसता घेऊन ठेवला असता तर काय मिळालं असतं, तो आकडा शेजारी ठेवा. आणि तितकेच दिवस बाजारात राहणारी पण खरेदीचे दिवस यादृच्छिक निवडणारी स्ट्रॅटेजी काही शे वेळा चालवून बघा. तुमचा आकडा त्या गर्दीच्या मधोमध पडत असेल, तर तुम्ही बाजाराची तेजी मोजली आहे, स्ट्रॅटेजी नाही.

तेजीने स्पष्ट न होणारी वाढ असेल, तर प्रश्न ९ पुन्हा वाचा. तिथल्या पहिल्या दोन वाटा बहुतेक वेळा अशाच "खूपच चांगल्या" निकालांतून सापडतात.

१३. मी राखीव भाग वीस-तीस वेळा पाहून झालाय. आता नवा डेटा आणू कुठून?

बँक निफ्टीवर तपासू का, असं पुष्कळ जण विचारतात. निफ्टीत बँका आणि वित्तीय कंपन्यांचं वजन मोठं आहे, त्यामुळे दोन्ही निर्देशांक बरेचसे एकत्र हलतात. निफ्टीच्या २०१९ ते २०२२ मधून शिकलेली गोष्ट बँक निफ्टीच्या त्याच काळात चालली, तर नवं फार थोडं कळतं. सोनं किंवा कच्चं तेल थोडं जास्त सांगतं, पण तुमची कल्पना तिथे लागू व्हायला हवी याला काही कारण असलं तरच.

वॉक-फॉरवर्डनेही जळालेला डेटा परत मिळत नाही. वॉक-फॉरवर्ड म्हणजे तीन वर्षांवर पॅरामीटर निवडायचे, पुढच्या सहा महिन्यांवर चालवायचे, खिडकी पुढे सरकवायची आणि सगळे सहा-सहा महिने जोडायचे. पद्धत चांगली आहे, आणि एकदा केली तर प्रामाणिक आहे. पण जोडलेला आलेख आवडला नाही म्हणून खिडकी तीनऐवजी चार वर्षांची केली, मग पाच, मग सहा महिन्यांऐवजी तीन, तर ते प्रश्न ४ मधलंच झालं, फक्त एक मजला वर.

खरा नवा डेटा फक्त काळ देतो. नियम आज गोठवा, कोडची तारखेसह प्रत ठेवा आणि उद्यापासून पैसे न लावता पेपर ट्रेडिंग करा, किंवा अगदी लहान भांडवलावर चालवा. प्रश्न ३ मधलं सूत्र इथेही लागू आहे, म्हणजे सहा महिन्यांत शार्पबद्दल जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. पण सहा महिन्यांत दुसऱ्या गोष्टी नक्की कळतात: बॅकटेस्टने दाखवलेल्या भावाला ऑर्डर मिळते का, महिन्याला जितके ट्रेड अपेक्षित होते तितके होतात का, सरासरी तोटा तितकाच आहे का. ही तपासणी नफ्यापेक्षा लवकर निकाल देते.

१४. मोह होतोच. फाइल समोर असते. प्रत्यक्षात आवरायचं कसं?

निश्चयावर सोडू नका, फाइल हाताबाहेर ठेवा. मी डेटा डाउनलोड केला की तिथेच कापतो आणि राखीव भाग एका मित्राकडे देतो. माझ्या लॅपटॉपवर तो नसतोच. तपासणीच्या दिवशी मी त्याला कोड पाठवतो, तो चालवतो आणि आधी लिहून दिलेल्या रेषेवरून फक्त "पास" किंवा "नापास" कळवतो. आलेख पाठवत नाही, ट्रेडची यादी पाठवत नाही.

यामागे कारण आहे. एका शब्दातून फार थोडी माहिती बाहेर येते. संपूर्ण इक्विटी कर्व्ह, म्हणजे भांडवलाचा दिवसागणिक आलेख, मिळाला, तर कुठल्या महिन्यात काय बिघडलं ते दिसतं आणि नेम धरून बदल करता येतो, जसं प्रश्न ६ मध्ये सांगितलं. राखीव डेटा पुन्हा पुन्हा वापरायचाच असेल तर प्रत्येक वेळी त्यातून कमीत कमी माहिती बाहेर काढावी, हाच विचार २०१५ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी "सायन्स"मधल्या लेखात गणिताने मांडला होता.

मित्र नसेल तर निदान एक वही. तारीख, काय बदललं, का बदललं, कुठल्या भागावर चालवलं, काय आलं. नापास आवृत्त्याही लिहायच्या, त्याच जास्त महत्त्वाच्या. ती वही नसेल तर प्रश्न ५ मधला फेऱ्यांचा आकडा तुम्हाला स्वतःलाच सांगता येणार नाही.

१५. एक जण स्ट्रॅटेजी विकतोय. "आउट-ऑफ-सॅम्पल टेस्टेड" लिहिलंय. विश्वास ठेवू का?

त्याला दोन गोष्टी विचारा. राखीव काळ कोणता होता आणि तो कधी ठरवला? आणि त्या काळावर एकूण किती आवृत्त्या चालवल्या? दुसऱ्या प्रश्नाला "एकच" असं उत्तर आलं तर वही दाखवायला सांगा. आकडाच येत नसेल तर तो शिक्का कोरा समजा. आणि विक्रेत्याने वीस स्ट्रॅटेजी बनवून त्यातल्या चाललेल्या दोनच विकायला ठेवल्या असतील, तर निवड त्याच्या दुकानातच होऊन गेली आहे, प्रत्येक स्ट्रॅटेजी एकदाच तपासली असली तरी.

अगदी काटेकोर संशोधनातही किती घट होते याचा एक अंदाज आहे. मॅक्लीन आणि पाँटिफ यांनी २०१६ मध्ये अमेरिकी शेअर बाजारातली, आधी अभ्यासांतून मांडली गेलेली, शेअरच्या परताव्याचा अंदाज देणारी ९७ लक्षणं तपासली. मूळ अभ्यासाच्या काळानंतर त्यांचा परतावा २६ टक्क्यांनी कमी झाला, आणि अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर ५८ टक्क्यांनी. दुसऱ्या आकड्यात लोकांनी ती कल्पना वापरून संधी संपवल्याचाही भाग आहे. पहिल्यात तो नाही. त्या २६ टक्क्यांना लेखक डेटा उकरून काढण्याच्या परिणामाची वरची मर्यादा मानतात. ते अभ्यास तज्ज्ञांनी तपासून छापलेले होते. विकत मिळणाऱ्या स्ट्रॅटेजीच्या जाहिरातीतला आकडा मी निम्म्याहून जास्त कापूनच वाचतो, आणि उरलेल्यातून ब्रोकरेज, एसटीटी आणि स्लिपेज वजा करतो.